उजव्या नाकपुडीतली नथ

 मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मागच्या पिढीपर्यंत स्थळाचा फोटो यायचा तो मामाच्या किंवा ओळखीच्या मध्यस्थाच्या हातून. फोटो जुना असेल, स्टुडिओवाल्याने चेहरा उजळवला असेल; पण तो कुणाचा, हे सांगणारा माणूस समोर बसलेला असायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न जुळवणारी संकेतस्थळे आली, २०१२ मध्ये टिंडर आले आणि सप्टेंबर २०१६ पासून जिओच्या स्वस्त डेटाने हे सारे गावोगावच्या फोनमध्ये नेले. मध्यस्थ गळाला, फोटो तेवढा उरला.

पहिली काही वर्षे फसवणारे फोटो चोरूनच आणत. अमेरिकी लष्करातले निवृत्त कर्नल ब्रायन डेनी यांचे गणवेशातले फोटो हजारो बनावट प्रोफाइलवर वापरले गेले आणि जगभरच्या बायकांना त्यांच्या चेहऱ्याने प्रेमपत्रे गेली. आपल्याकडेही चोरी होते ती कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवरून, लग्नाच्या अल्बममधून, लहानशा मॉडेलच्या पानावरून. या चोरीवरचा उतारा मात्र लवकर सापडला होता. टिनआय २००८ मध्ये आणि गुगलचा फोटोवरून शोध २०११ मध्ये सुरू झाला. फोटो टाकायचा आणि तोच फोटो आणखी कुठे आहे ते पाहायचे.

समजा, किनवटच्या एका तरुणाला नांदेडची म्हणवणाऱ्या मुलीचे तीन फोटो आले. त्याने आधी प्रत्येक फोटोचा स्क्रीनशॉट घ्यावा, वरचे नाव, घड्याळ, बटणे कापून टाकावीत आणि उरलेले चित्र गुगल लेन्समध्ये टाकावे. लेन्स पुष्कळदा चेहरा सोडून साडीच शोधत बसते आणि तशाच साड्यांची दुकाने दाखवते. तेव्हा चौकट ओढून ती चेहऱ्यापुरती आणावी. तरीही गुगल चेहरा ओळखत नाही, ते सारखे चित्र शोधते; रशियाचे यांडेक्स सारखे दिसणारे चेहरेही पुढे ठेवते, म्हणून दुसरा शोध तिथे घ्यावा. तोच फोटो वेगळ्या नावाने, वेगळ्या शहरात, चार वर्षांपूर्वीच्या तारखेला सापडला तर प्रश्न मिटला. काहीच सापडले नाही तर मात्र फोटो खरा ठरत नाही. बंद खात्यातून किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून उचललेला फोटो कुठल्याच शोधाच्या हाती लागत नाही.

चोरांनाही ही तपासणी माहीत झाली आणि त्यांनी फोटो आडवे उलटवायला सुरुवात केली. डावे उजवीकडे गेले की शोध पुष्कळदा चुकतो. इथे मराठी डोळ्याला एक सोय आहे. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते, साडीचा पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो. हे सगळे उलट दिसले, मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे आरशातल्यासारखी वाटली, तर फोनच्या गॅलरीतच चित्र आडवे उलटवून पुन्हा शोध घ्यावा. एवढ्यावरून कुणाला खोटे ठरवू नये, कारण अनेक फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी उलटीच जतन करतो. गुजराती पद्धतीचा पदरही उजव्या खांद्यावर येतो. त्यामुळे सेल्फी नसलेल्या, दुसऱ्याने काढलेल्या फोटोत उलटेपणा दिसला, तर शंकेला खरे वजन येते.

मग चोरीचीही गरज उरली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एन्व्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी स्टाइलगॅन ही पद्धत मांडली. फोटो-संकेतस्थळ फ्लिकरवरून घेतलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलेला हा संगणक कधीच न जन्मलेल्या माणसाचा चेहरा तयार करी. फेब्रुवारी २०१९ मध्ये thispersondoesnotexist.com हे पान उघडले आणि दर वेळी नवा चेहरा फुकट मिळू लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेसबुकने बनावट खात्यांचे एक मोठे जाळे बंद केले. त्यातल्या अनेक खात्यांवर असेच चेहरे होते. असा चेहरा आधी कुठेच नसल्यामुळे फोटोवरून शोध इथे निकामी ठरतो.

पण या चेहऱ्यांत एक जन्मखूण राहिली होती. शिकवण्यासाठी वापरलेले सगळे फोटो डोळे ठरावीक जागी येतील असे कापलेले होते, म्हणून तयार झालेल्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळेही चौकटीत जवळपास त्याच जागी, मधल्या आडव्या रेषेच्या किंचित वर येत. एकाच प्रोफाइलचे दोन-तीन चौकोनी फोटो एकामागून एक सरकवून पाहिले आणि डोळे जागचे हललेच नाहीत, तर ते यंत्राचे काम समजावे. माणूस हातात फोन धरून कधीच इतका नेमका बसत नाही. शिवाय एका कानात झुबा आणि दुसऱ्यात वेगळेच काही, केसांत विरघळलेली चष्म्याची काडी, कडेला वितळल्यासारखा दुसरा चेहरा, या खुणाही असत. फोटो थोडा कापला की डोळ्यांची खूण जाते, ही तिची मर्यादा.

नुसत्या नजरेवर विसंबणे मात्र धोक्याचे. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना खरा आणि बनावट चेहरा ४८ टक्के वेळाच ओळखता आला, म्हणजे नाणे उडवल्याइतकाही नाही. उलट बनावट चेहरे त्यांना थोडे अधिक विश्वासू वाटले.

२०२२ च्या उत्तरार्धात मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन लोकांच्या हाती आले आणि चोरी व बनावट यांतली भिंतच पडली. जुलै २०२५ मध्ये आसाममध्ये उघडकीस आलेले प्रकरण यातले सर्वांत बोलके आहे. लाखो अनुयायी असलेले एक इन्स्टाग्राम खाते खऱ्या स्त्रीचे नव्हतेच. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका अभियंत्याने आपल्या ओळखीच्या स्त्रीच्या फोटोवरून नवनवी चित्रे बनवली होती. चेहरा खरा, प्रसंग सगळे खोटे. इथे शोधही रिकामा जातो आणि डोळ्यांची जागाही काही सांगत नाही. मग एकाच व्यक्तीचे फोटो एकमेकांशी ताडून पाहावेत: कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, तीळ कोणत्या बाजूला, पुढच्या दातांची ठेवण कशी. चेहरा साधारण सारखा ठेवणे यंत्राला जमते. कान आणि दात फोटोगणिक बदलण्याची शक्यता अजून असते. मागच्या पाट्यांवरचे देवनागरी जोडाक्षर मोठे करून वाचावे, तेही पुष्कळदा फसते. नवी साधने या चुका झपाट्याने कमी करत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेरा, तारीख, ठिकाण ही आतली नोंद बहुधा शिल्लक नसते, तेव्हा तिच्या मागे लागू नये.

शेवटी गोष्ट येते ती व्हिडिओ कॉलवर. मान पूर्ण बाजूला वळवायला आणि बोटे चेहऱ्यावरून हळू फिरवायला सांगावे. चेहरा चढवणारे सॉफ्टवेअर कानाच्या कडेला आणि बोटांआड अडखळते. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी पकडलेल्या २७ जणांच्या टोळीने व्हिडिओ कॉलवरही बनावट चेहरे वापरल्याचे सांगितले गेले, आणि फसलेल्यांत भारतीयही होते. म्हणून नांदेडची म्हणवणाऱ्या मुलीच्या गल्लीत, कॉलेजात कुणी ओळखीचे आहे का, ही जुनी चौकशी त्या किनवटच्या तरुणाने सोडू नये.

पैशांची मागणी आली, तर समोरच्याला ब्लॉक करण्याआधी प्रोफाइल, वापरकर्त्याचे नाव, फोटो आणि संभाषण यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. डेटिंग अ‍ॅपवर जोडी तोडली की संभाषण बहुधा दोन्हीकडून नाहीसे होते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. दुसऱ्याच्या चेहऱ्याआड केलेली अशी फसवणूक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली येते, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ज्या मुलीचा फोटो चोरीला गेला, तिचे खरे खाते शोधात सापडले असेल तर तिलाही कळवावे. तिच्या नावावर काय चालले आहे, हे तिला बहुधा ठाऊक नसते.