कडी उतरवत बांधलेली विहीर

नदीकाठच्या गाळमातीत आधी खड्डा आणि मग बांधकाम असा क्रम ठेवला, तर भिंत ढासळून माणूस गाडला जातो. म्हणून इथे बांधकामच खाली उतरवतात. तळाला धारदार कडेचा काँक्रीटचा कर्ब, त्यावर सिमेंटची कडी. आतली माती काढत गेलं की कडी स्वतःच्या वजनाने खाली सरकतात.

दोन मीटर आतील व्यासाचं, दहा सेंटिमीटर जाडीचं, अर्धा मीटर उंच कडं साधारण आठशे किलो भरतं. ते उतरवायला तिकाटणं आणि चेन-पुली हवी. त्या वेळी आत कोणी नको.

माती मधून काढावी, मग कर्बखालून चहूबाजूंनी सारखी. चार बाजूंना ओळंबे सोडले की कल लगेच कळतो. पूर्वेकडे कललं, तर पश्चिमेची, म्हणजे उंच राहिलेल्या बाजूची माती काढायची. हे सुरुवातीलाच करावं. खोल गेल्यावर कडी सरळ होत नाहीत.

पाणझऱ्यांची भोकं फक्त खालच्या कड्यांना ठेवावीत. उपसलेली माती काठापासून दूर टाकावी. डिझेल पंप मात्र विहिरीत कधीच उतरवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पेटता दिवाही त्याचा इशारा देत नाही.