फोटो दाखवून बटण आणताना

घरातली स्विचबोर्डची प्लेट तडकली की आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन म्हणतो, ‘अशीच द्या.’ दुकानदार फोटोकडे एक नजर टाकतो, मागच्या खोक्यातून पांढरी प्लेट काढून देतो. घरी येऊन ती दाबून बसवायला जावं, तर एक कडा बसते आणि दुसरी उचकटते. यात दुकानदाराची फारशी चूक नसते. समोरून काढलेल्या फोटोत त्याला जे हवं असतं, ते बहुतेकदा आलेलंच नसतं.

जुन्या घरांत ही अडचण कमी होती. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या डब्यावर सनमायकाची शीट, तिला वायरमनने कापलेली भोकं आणि त्यात बसवलेली पियानो बटणं. अशा बोर्डाला दुसऱ्या कंपनीचं बटण आणलं तरी बहुधा बसतं. आणि नाहीच बसलं, तर वायरमन कानशीने भोक थोडं वाढवतो. मॉड्युलर बोर्डात ही मुभा नाही. तिथे भिंतीत पुरलेला डबा असतो, त्यावर स्क्रूने आवळलेली एक चौकट असते, तिच्यात बटणं आणि सॉकेट खटकन बसतात आणि सगळ्यावर दिसायला सुबक अशी वरची प्लेट चिकटते. ही प्लेट चौकटीच्या खाचांतच अडकते आणि खाचा प्रत्येक कंपनीच्या, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्याही, वेगळ्या असतात. म्हणून शोधायची ती मालिका, आणि मालिकेचं नाव प्लेटच्या पुढच्या बाजूला क्वचितच लिहिलेलं असतं.

समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये हॉलमधला बोर्ड आहे. प्लेट कोपऱ्यात तडकलीय, पंख्याचा रेग्युलेटर अडकतोय. बोर्डावर दोन बटणं, एक रेग्युलेटर आणि एक सॉकेट. पहिलं काम म्हणजे मॉड्यूल मोजणं. बारीक बटण एक मॉड्यूल जागा घेतं. या बोर्डातला रेग्युलेटर दोन बटणांइतका रुंद आहे, सॉकेटही तेवढंच. दोन, दोन आणि दोन: म्हणजे ही सहा मॉड्यूलची प्लेट. इतकं समोरच्या फोटोवरून कळतं. मात्र एक मॉड्यूलचेही रेग्युलेटर मिळतात, तेव्हा मोजणी फोटो बघूनच करावी, आठवणीवर विसंबून करू नये.

आता सॉकेट. ६ अँपिअरचं की १६ चं, हे नुसत्या नजरेने फसवतं, कारण फोटोत मोठं-लहान कळत नाही. यावर सोपा उपाय आहे. दहा रुपयांचं नाणं बरोबर २७ मिलिमीटर रुंद असतं. ते प्लेटला टेपने चिकटवा आणि अगदी समोरून फोटो घ्या. नाणं प्लेटला टेकलेलंच हवं. हातात धरून पुढे आणलं तर ते कॅमेऱ्याला मोठं दिसतं आणि सगळी मापं चुकतात. मोबाइल फार जवळ नेला तरी कडा वाकतात, म्हणून दोन पावलं मागे सरकून झूम करावं. ठाण्याच्या बोर्डाच्या फोटोत पडद्यावर पट्टी लावली तर नाणं ४० मिलिमीटर दिसतं, आणि सॉकेटच्या खालच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर २८. मग खरं अंतर २८ गुणिले २७ भागिले ४०, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. हे ६ अँपिअरचं सॉकेट. १६ अँपिअरच्या सॉकेटात हेच अंतर सुमारे २५ असतं आणि भोकंही जाड असतात. दोन्ही प्रकारच्या पिना घेणारं सॉकेट असेल, तर खाली भोकांच्या दोन जोड्या दिसतात. गिझर किंवा इस्त्रीसाठी ‘दोन्ही चालतील’ असं मोघम सांगून आणलेलं सॉकेट पुढे तापतं. आणि फक्त सॉकेट बदलून ६ चं १६ होत नाही. मागची वायर तेवढी जाड आहे का, हे वायरमनने पाहिलंच पाहिजे.

सॉकेट कळलं, तरी मालिका अजून कळलेली नाही. त्यासाठी प्लेट काढावी लागते. आधी त्या बोर्डाचा एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. एकाच बोर्डात दोन वेगळ्या एमसीबींवरून आलेल्या वायरी असू शकतात, त्यामुळे एका सॉकेटात टेस्टर पेटला नाही म्हणून सगळा बोर्ड मेला, असं समजू नका. जरा शंका आली तर मेन बंद करा. प्लेटच्या खालच्या कडेला बहुधा एक छोटी खाच असते. तिथे सपाट स्क्रूड्रायव्हर कापडात गुंडाळून हलकेच घातला की प्लेट निघते. आता चौकटीचा फोटो घ्या, आणि काढलेल्या प्लेटच्या पाठीचाही. उठावदार अक्षरं समोरून फ्लॅश मारला तर दिसत नाहीत. दुसऱ्या मोबाइलची टॉर्च कडेने, भिंतीला जवळजवळ समांतर धरली की अक्षरांच्या सावल्या पडतात आणि कंपनी, मालिका, कधी कधी भागाचा क्रमांकही वाचता येतो.

रेग्युलेटर बदलायचा तर त्याच्या पाठीचा फोटो हवा, आणि तो चौकटीतून काढणं हे वायरमनचं काम. पाठीवर किती वॉट आणि किती पायऱ्या, हे लिहिलेलं असतं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर समोरून जुळ्या भावांसारखे दिसतात. नॉब फिरवून पाहावा: टकटक करत ठरलेल्या पायऱ्यांवर थांबला तर बहुधा तो पायऱ्यांचा रेग्युलेटर असतो, आणि सलग फिरत असेल तर डिमर किंवा जुन्या धाटणीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंख्याला डिमर लावला तर पंखा घुमतो, गुणगुणतो. जुन्या पिवळ्या बल्बसाठी केलेल्या डिमरवर एलईडी लावला, तर तो कमी प्रकाशात लुकलुकतो, कारण त्या डिमरला चालण्यासाठी जेवढा किमान भार लागतो, तेवढा एक-दोन एलईडी देत नाहीत. तेव्हा डिमर मागताना फोटोबरोबर त्यावर कोणते दिवे आहेत, किती आणि किती वॉटचे, हेही सांगावं.

बटणाचा पुढचा चेहराही असाच गप्प असतो. वरून एकसारखी दिसणारी दोन बटणं, पण एकाच्या पाठीला वायरचे दोन स्क्रू, दुसऱ्याच्या पाठीला तीन. तीन स्क्रूंचं ते टू-वे: जिन्यात किंवा पलंगाशी, एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-मालवता यावा म्हणून. तिथे साधं बटण बसवलं तर एका बाजूने दिवा लागेनासा होतो. पाठीवरच अँपिअर, व्होल्ट आणि आयएसआयची खूण असते; बटणांसाठी मानक आयएस ३८५४, सॉकेटसाठी आयएस १२९३. खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का, ते पाहता येतं. हुबेहूब दिसणारा नकली माल बाजारात असतो, आणि हा क्रमांक फोटोत स्पष्ट आला की तो ओळखणं सोपं जातं.

आता ठाण्याच्या बोर्डाकडे. चौकटीवर मालिकेचं नाव सापडलं आणि ती अजून चालू असेल, तर सहा मॉड्यूलची त्याच मालिकेची प्लेट आणि दोन मॉड्यूलचा, तितक्याच किंवा जास्त वॉटचा रेग्युलेटर, एवढंच घ्यायचं. रंगाबाबत फोटोवर भरवसा ठेवू नका: ट्यूबच्या उजेडात कॅमेरा पांढऱ्याला निळसर करतो, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक खरोखरच पिवळं पडलेलं असतं. नव्या प्लेटमध्ये जुनी बटणं पिवळट दिसणारच.

आणि मालिका बंद झाली असेल, तर लोहार चाळीत एका प्लेटसाठी दिवसभर फिरण्यापेक्षा त्या एका बोर्डापुरती चौकट, प्लेट, बटणं आणि सॉकेट एकाच चालू मालिकेतली घ्यावीत, असं माझं मत. भिंतीतला डबा सहसा तोच चालतो. फक्त त्याच्या दोन स्क्रूंच्या भोकांतलं अंतर पट्टीने मोजून, पट्टीसकट फोटो काढून न्यावा, म्हणजे नवी चौकट त्या भोकांवर बसते की नाही, हे दुकानातच पाहता येतं.