बंद पडण्याआधी कुठला दिवा लागला होता?

दोन वर्षांपूर्वीची जुलैची रात्र. पनवेलहून पुण्याला निघालो होतो. बोरघाटाच्या चढावर गाडीने दम टाकला आणि डाव्या कडेला जेमतेम लागली. मदतसेवेला फोन केला तर तिकडून सांगितलं, मेसेज पाठवा. मी पाठवला: ‘एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याजवळ गाडी बंद पडली आहे. स्टार्ट होत नाही. सगळे लाइट लागलेत. कुटुंब सोबत आहे, लवकर या.’

त्या वेळी वाटलं, सगळं सांगून झालं. मदत आली ती दीड तासानं. आली तेव्हा आधी पलीकडच्या, मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आली आणि तिथून आमच्याकडे यायला तिला मोठा वळसा पडला. माणूस आला होता बॅटरी आणि जंप केबल घेऊन. त्याने केबल लावली, गाडी लगेच चालू झाली, आम्ही हुश्श केलं. दोन-तीन किलोमीटरवर ती पुन्हा तशीच बंद पडली. मग टो करणारी गाडी मागवावी लागली, म्हणजे पहिल्यापासून वाट पाहणं आलं.

त्या टो गाडीचा चालक पन्नाशीचा, घाटात वर्षानुवर्षं काम केलेला. लोणावळ्याकडे जाताना केबिनमध्ये त्याने जे विचारलं ते मी विसरलो नाही. ‘साहेब, बंद पडल्यावर कुठले दिवे लागले ते जाऊ द्या. बंद पडायच्या आधी कुठला लागला होता?’

पनवेल सोडल्यावर काही वेळातच बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला होता. मी तो पाहिला होता. गाडी छान पळत होती म्हणून तसाच पुढे आलो होतो. मेसेजमध्ये नेमका तोच नव्हता.

यातली गोम अशी. किल्ली ‘ऑन’ला असते आणि इंजिन फिरत नसतं, तेव्हा डॅशबोर्डवरचे बरेच दिवे आपोआप लागतात. बॅटरीचा लागतो, तेलाच्या किटलीचा लागतो, इंजिनाच्या आकृतीचाही लागतो. ती दिव्यांची रोजची तपासणी असते. धडधाकट गाडीतही सकाळी किल्ली फिरवल्यावर ते दिसतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. त्यामुळे बंद गाडीत ‘सगळे लाइट लागलेत’ या वाक्यातून मेकॅनिकला काहीच कळत नाही. इंजिन चालू असताना जो दिवा लागला, तोच खरा साक्षीदार. तो लाल होता की पिवळा, किती वेळ होता, त्यानंतर काय काय झालं, हा क्रम त्याला हवा असतो. लाल म्हणजे जागा बघून लगेच थांबा, पिवळा म्हणजे लक्ष द्या, तपासून घ्या, हे बहुतेक गाड्यांत सारखंच असतं. दिव्याचं नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. ‘खोक्यावर अधिक-उण्याची खूण’, ‘लाटांमध्ये थर्मामीटर’, असं चित्राचं वर्णन पुरतं. डॅशबोर्डचा फोटो उत्तम, फक्त त्यासोबत आधी कुठला लागला होता ते शब्दांत लिहायला हवं, कारण फोटोत क्रम दिसत नाही.

आमच्या गाडीचा क्रम असा होता. बॅटरीचा लाल दिवा. अर्ध्या तासाने हेडलाइट पिवळट, वायपर रेंगाळलेले. मग स्टेअरिंग अचानक जड. मग इंजिन गचके खाऊन बंद. आता सेल्फ मारला की नुसती टिकटिक. जाणत्या माणसाला यातून सरळ गोष्ट दिसते. इंजिन चालू असताना बॅटरीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर. त्याचा पट्टा तुटला किंवा तोच निकामी झाला की गाडी बॅटरीत साठलेल्या विजेवर चालते. चार्जिंग होत असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळतात, नुसत्या भरलेल्या बॅटरीचे साडेबाराच्या आसपास, आणि रात्र, पाऊस, दिवे, वायपर, पंखा या सगळ्या ओझ्याखाली ते उतरत जातात. आमच्या गाडीचं स्टेअरिंग विजेवरचं, म्हणून ते जड झालं. शेवटी इंजिनाला ठिणगी आणि इंधन देणाऱ्या यंत्रणेलाही वीज पुरेना. अशा गाडीला बाहेरून झटका दिला की ती चालू होते आणि थोड्या वेळात पुन्हा बंद पडते. लोणावळ्याच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं तेव्हा पट्टा तुटून खाली लोंबत होता. मेसेजमध्ये क्रम असता तर पहिल्याच खेपेला टो गाडी आली असती.

‘स्टार्ट होत नाही’ हे शब्दही असेच फसवे. त्यात दोन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात. किल्ली फिरवल्यावर काहीच होत नाही किंवा टिकटिक होते, म्हणजे सेल्फ लागतच नाही. तेव्हा संशय बॅटरी, तिचे टर्मिनल, स्टार्टर यांच्यावर जातो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी बिचारी ठीक आहे. तिथे प्रश्न इंधनाचा, ठिणगीचा किंवा किल्लीच्या सुरक्षा यंत्रणेचा असतो. किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहिल्यावरही काम होऊन जातं. म्हणून ‘सेल्फ फिरतो’ किंवा ‘सेल्फ फिरत नाही’ हे शब्द मेसेजमध्ये असलेच पाहिजेत. आणि जे झालेलं नाही तेही लिहावं: तापमानाचा काटा मध्येच आहे, धूर नाही, जळका वास नाही, खाली काही गळत नाही. या एका ओळीने निम्मे संशय मिटतात. अंदाज मात्र लिहू नये. मी ‘बॅटरी डाऊन झाली’ असं फोनवर बोललो होतो; बॅटरी घेऊन माणूस आला तो त्यामुळेच.

एक अपवाद इथेच सांगतो, कारण मुंबईच्या पावसाळ्यात तो दरवर्षी इंजिनं खातो. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. मेसेजमध्ये लिहा: ‘पाण्यात बंद पडली, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, त्यानंतर सेल्फ मारलेला नाही.’

आता जागा. ‘खंडाळ्याजवळ’ हे माझे शब्द किती निरुपयोगी होते ते मला नंतर कळलं. फोन घेणारी व्यक्ती दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात बसलेली असू शकते. तिला खंडाळा हा नकाशावरचा एक ठिपका. घाटात जुना महामार्ग आणि एक्स्प्रेस वे जवळजवळ बिलगून जातात, काही ठिकाणी खाली-वर होतात. फोनवरची निळी खूण डोंगरांमुळे थोडी सरकली तरी भलत्या रस्त्यावर किंवा पलीकडच्या बाजूला पडते, आणि एक्स्प्रेस वेवर मध्येच वळता येत नाही; पुढच्या निर्गमनापर्यंत जाऊन परत यावं लागतं. आमच्या वेळी तेच झालं. म्हणून पहिला शब्द दिशेचा: पुण्याकडे जाणारी बाजू की मुंबईकडे जाणारी. दुसरा आकडा कडेच्या पाटीवरचा. या मार्गाचे किलोमीटर मुंबईच्या टोकाकडून, कळंबोलीपासून मोजतात, आणि वाहतूक पोलिसांपासून टो चालकांपर्यंत घाटातले सगळे त्याच आकड्यांत बोलतात. पाटी दिसत नसेल तर मागे पडलेली शेवटची मोठी खूण आणि तिथून किती मिनिटं आलो ते लिहावं.

खुणा निवडतानाही जपायला हवं. आपण अजून ‘अमृतांजन पुलाजवळ’ म्हणतो. ब्रिटिशांच्या काळातला तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये पाडला. नाव राहिलं, पूल नाही. बाहेरून नव्याने आलेला चालक तो शोधत पुढे निघून जाईल.

पाटीसोबत अक्षांश-रेखांश पाठवले की चूक पकडता येते. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या खुणेवर बोट दाबून धरलं की ते आकडे मिळतात. दशांशचिन्हानंतर चार आकडे ठेवले तर जागा दहा-बारा मीटरच्या आत सापडते. दोनच ठेवले तर चूक किलोमीटरभराची होऊ शकते. क्रम बदलू नये. बोरघाटात पहिला आकडा १८ ने आणि दुसरा ७३ ने सुरू होतो. उलटे लिहिले तर खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. लाइव्ह लोकेशन चांगलंच, पण फोन संपला किंवा नेट गेलं की ते थांबतं, आकडे मात्र पोचलेले राहतात. नेट नसेल तर साधा एसएमएस करावा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हंच मावतात आणि त्याहून मोठा मजकूर तुकड्यांनी जातो, म्हणून कमजोर नेटवर्कवर आधी जागेचा छोटा मेसेज, मग लक्षणांचा दुसरा.

त्या रात्रीचा मेसेज मी आता असा लिहीन. गाडीचा नंबर, फोन नंबर आणि अक्षांश-रेखांश तेवढे इथे गाळले आहेत.

‘मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. पुण्याकडे जाणारी बाजू. किमी ४१.५ ची पाटी गाडीच्या थोडी मागे. खालापूर टोलनाक्याच्या पुढे, घाटाचा चढ. गाडी डाव्या कडेला, निम्मी लेनमध्ये. अंधार, पाऊस. आम्ही चौघे, एक वयस्कर. गाडीबाहेर, कठड्याच्या पलीकडे.’

‘पांढरी हॅचबॅक, पेट्रोल, हाताचे गिअर. पनवेलपासून बॅटरीचा लाल दिवा. अर्ध्या तासाने हेडलाइट मंद, स्टेअरिंग जड. ८.४० ला इंजिन बंद. आता सेल्फ फिरत नाही, टिकटिक येते. तापमान ठीक, धूर, वास, गळती नाही. चाकं मोकळी, न्यूट्रलला ढकलता येते. फोनला २० टक्के चार्जिंग.’

‘निम्मी लेनमध्ये’ हे शब्द वाचून मदतसेवा वाहतूक पोलिसांना आधी कळवू शकते. जीव धोक्यात वाटत असेल तर आपणच आधी ११२ ला फोन करावा आणि मेसेज नंतर. ‘हाताचे गिअर’ आणि ‘चाकं मोकळी’ हे टो गाडी ठरवण्यासाठी. पुढची चाकं ओढणारी साधी मॅन्युअल गाडी पुढून उचलून मागच्या चाकांवर नेता येते. ऑटोमॅटिक गाडीची इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर फिरवत नेली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही, कारण ते फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. तिला आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला सपाट पाठीची टो गाडीच लागते. चुकीची आली तर ती रिकामी परत जाते आणि आपण पुन्हा रांगेत शेवटी.

मेसेज गेल्यावर काही बदललं तर तेही लगेच कळवावं. आमच्या बाबतीत नंतर पोलिसांच्या गाडीने आम्हाला ढकलून थोडं पुढच्या रुंद जागेत नेलं. पाटी बदलली होती. तो नवा आकडा मी पाठवला, आणि टो गाडी थेट आमच्या मागे येऊन थांबली.