‘खाली उभे आहोत, घर बघता येईल का?’

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या बहुतेकांनी हा फोन घेतलेला असतो. घर सोडतोय म्हणून नोटीस दिली की चार-पाच दिवसांत तो येतो. अनोळखी नंबर असतो, बोलणारा एजंट असतो. पार्टी सोबत असते आणि गाडी सोसायटीच्या गेटपाशी लागलेली असते. घरात गॅसवर कुकर, अंथरुणावर झोपलेलं मूल, दोरीवर कपडे. नाही म्हणावं तर घरमालक रागावेल आणि डिपॉझिट त्याच्याच हातात आहे. हो म्हणावं तर उद्या दुसरा एजंट, परवा तिसरा.

घरमालकाची बाजूही खरी आहे. महिना २४ हजार भाड्याचा फ्लॅट म्हणजे रोजचे ८०० रुपये. जुना भाडेकरू ३० तारखेला गेला आणि नवा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला आला, तर १२ हजार गेले. निवृत्त माणसाच्या घरखर्चाला तो फ्लॅट आधार असेल तर हे नुकसान चांगलंच जाणवतं. म्हणून माणूस राहत असतानाच घर दाखवायचं आणि पुढचा करार ठरवून ठेवायचा, ही त्याची गरज आहे. पण ही गरज कायद्याने दिलेला हक्क आहे का, हे बहुतेक मालकांनी तपासलेलं नसतं.

महाराष्ट्रात भाड्याचं घर बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स करारावर, ११ महिन्यांसाठी दिलं जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला आपल्या जागेची पाहणी करता येते. त्यासाठी दोन अटी आहेत: आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळी यायचं. नोंदणीकृत करारांतही अशाच अर्थाचं कलम असतं. मालक स्वतः किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी योग्य सूचना देऊन जागा पाहू शकतो. भिंतीला ओल आली आहे का, नळ गळतो का, परवानगीशिवाय कुठे तोडफोड झाली आहे का, हे बघण्यासाठी ती तरतूद आहे.

‘पाहणी’ आणि ‘दाखवणं’ या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाने येऊन बाथरूमची भिंत बघणं निराळं आणि ज्यांचा या घराशी अजून काहीच संबंध नाही अशा पाच कुटुंबांना बेडरूममध्ये नेणं निराळं. नोटीसच्या काळात नव्या लोकांना घर दाखवू द्यावं लागेल असं करारात स्पष्ट लिहिलेलं असेल, तर भाडेकरूने ते मान्य केलेलं आहे. लिहिलेलं नसेल, तर मालक विनंती करू शकतो, हुकूम नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा दिला. त्यात मालकाच्या प्रवेशासाठी किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी, तिच्यात कारण, दिवस आणि वेळ असावी, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर प्रवेश करू नये असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे हे २४ तास इथे बंधनकारक नाहीत. तरी वाजवी सूचना म्हणजे किती, हा प्रश्न पडला तर तेच माप धरायला हरकत नाही.

भाडेकरूने ठाम नकार दिला तर काय? करारात कलम असेल तर तो करारभंग ठरतो, पण महिनाभराच्या नोटीसच्या काळात त्यासाठी कोर्टाची पायरी चढून हातात काही पडत नाही. स्वतःकडच्या किल्लीने कुलूप उघडून आत जाणं हा उपाय नाही. पाणी किंवा वीज तोडून दबाव आणायला याच कायद्याचं कलम २९ मनाई करतं. थोडक्यात, हे काम दोघांच्या संमतीनेच होतं, आणि ती संमती मिळवायची सगळ्यात सरळ रीत म्हणजे ठरलेल्या वेळा.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक सदाशिव पेठेत राहणारे निवृत्त शिक्षक, भाडेकरू एक जोडपं आणि त्यांचं वर्षाचं बाळ. नवऱ्याची सोमवार ते शुक्रवार रात्रपाळी, म्हणून तो दुपारी एकपर्यंत झोपतो. बाळाची झोप एक ते तीन. त्यांनी १ जूनला महिन्याची नोटीस दिली, ३० जूनला घर सोडायचं. मालकांनी त्याच संध्याकाळी फोन केला आणि म्हणाले, ‘रोज सकाळी दहा ते बारा लोक आणतो.’ त्यांना स्वतःला तीच वेळ सोयीची होती.

ही वेळ दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. घरातला कमावता माणूस तेव्हा झोपलेला असतो, आणि घर शोधणारे नोकरदार कामावर असतात, त्यामुळे खरे घेणारे येतच नाहीत. बोलणं झाल्यावर ठरलं ते असं: पहिला आठवडा कोणी नाही, कारण भाडेकरूंना स्वतःचं नवं घर शोधायचं आहे. मग ८ ते २८ जून हे तीन आठवडे, दर बुधवारी संध्याकाळी सात ते आठ आणि दर रविवारी अकरा ते एक. प्रत्येक कुटुंबाला वीस मिनिटं. बुधवारी तीन, रविवारी सहा, म्हणजे तीन आठवड्यांत २७ कुटुंबांना घर दाखवता येतं. भाडेकरूने दिलेला वेळ एकूण नऊ तास. दोन खोल्यांच्या फ्लॅटला एवढं पुरेसं आहे. २७ जणांनी बघून कोणी घेत नसेल तर अडचण वेळेत नसून बहुधा भाड्यात आहे.

फोनवर ठरलेलं मालकांनी लगेच लिहून पाठवलं, तेही दमदाटीच्या भाषेत नाही:

‘नमस्कार. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ८ ते २८ जून दर बुधवारी ७ ते ८ आणि रविवारी ११ ते १ या वेळात घर दाखवायला येऊ. कोण येणार ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवीन. मी किंवा माझा मुलगा सोबत असेल, एजंट एकटा येणार नाही. एखादा दिवस तुम्हाला जमणार नसेल तर कळवा, दुसरी वेळ ठरवू. बाळ आजारी असेल तर अर्थातच कोणाला आणणार नाही.’

या निरोपातलं सगळ्यात कामाचं वाक्य एजंटबद्दलचं आहे. बोलणी बिघडतात ती बहुतेक वेळा मालकामुळे नाही. मालक चार-पाच एजंटांना सांगून ठेवतो, सोबत भाडेकरूचा नंबर देतो आणि म्हणतो, ‘परस्पर बोलून घ्या.’ त्या क्षणापासून वेळापत्रक कोणाच्याच हातात राहत नाही. प्रत्येक एजंट आपल्या पार्टीच्या सोयीने येतो आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. भाडेकरूचा नंबर एजंटांना द्यायचाच नाही, हा नियम पाळला तर निम्मा त्रास संपतो. चौकशा मालकाकडे याव्यात आणि त्यानेच त्या ठरलेल्या वेळांत बसवाव्यात. वॉचमनकडे किल्ली ठेवायची सूचनाही एजंटच करतो. भाडेकरूने ती मान्य करू नये. घरात त्याचं सामान आहे, काही गहाळ झालं तर कोणाला विचारायचं हे ठरवता येत नाही.

एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी तर याहून जपून जायला हवं. येणाऱ्याचं नाव आणि नंबर आधी कळवावा, मालकाने शक्यतो घरातल्या बाईला सोबत आणावं, आणि तिला आपली मैत्रीण किंवा भाऊ थांबवून घ्यायचा असेल तर वेळ त्याप्रमाणे ठरवावी. अशी मागणी तिने केली तर तो अविश्वास समजू नये.

फेऱ्या कमी करायचा आणखी एक मार्ग म्हणजे व्हिडिओ. भाडेकरूने घर आवरलेलं असताना मालकाने एकदाच येऊन, त्याच्या समोर, दोन-तीन मिनिटांचं चित्रण करावं. देवघर, कुटुंबाचे फोटो, उघडी कपाटं, लॅपटॉपचा पडदा हे टाळावं आणि पाठवण्याआधी भाडेकरूला दाखवावं. खोली लहान वाटते, ओट्याला खिडकी नाही, अशा कारणांनी नकार देणारे मग घरबसल्याच नकार देतात. पण नळाला पाणी किती जोरात येतं, दुपारी कोणत्या खोलीत ऊन भरतं, आतल्या खोलीत मोबाइलला रेंज असते का, हे व्हिडिओत कळत नाही. बघायला आलेल्यांनी ते जरूर तपासावं. भाडेकरूची कपाटं उघडणं आणि न विचारता आपलं चित्रण सुरू करणं मात्र त्यांनी करू नये, आणि तसं सांगणं मालकाचं काम आहे.

बघायला आलेला माणूस मालकाची नजर चुकवून भाडेकरूला हमखास विचारतो, ‘पाणी कसं आहे हो इथे?’ मालकांना या प्रश्नाची धास्ती असते आणि काही जण आधीच सांगून ठेवतात, ‘टँकरचं बोलू नका.’ माझ्या मते असं सांगणं गैर आहे. भाडेकरूने घराची जाहिरात करावी अशी अपेक्षा नाही, पण विचारलं तर खरं बोलायला त्याला कोणी अडवू नये. उन्हाळ्यात टँकर येतो हे नव्या माणसाला आधीच कळलं, तर तो दोन महिन्यांत घर सोडून जाण्याची शक्यता कमी होते.

राहिला डिपॉझिटचा विषय, जो तोंडाने कोणी बोलत नाही. अनेक मालकांकडे जुन्या भाडेकरूला परत द्यायला रोख रक्कम नसते. नव्याचं डिपॉझिट आलं की त्यातून जुन्याचं फेडायचं, असा हिशोब असतो. तसं असेल तर मालकाने ते मोकळेपणाने सांगावं. आपले पैसे वेळेवर मिळण्याशी या भेटींचा संबंध आहे हे कळलं, तर भाडेकरू आपणहून सहकार्य करेल. पण घर दाखवू दिलं नाही म्हणून डिपॉझिट अडवणं चालणार नाही. थकलेलं भाडं, बिलं आणि झालेलं नुकसान वजा करून ती रक्कम घर रिकामं करताना परत करायची असते. नवा भाडेकरू मिळाला की नाही, यावर ते अवलंबून नाही. उलट जास्त फेऱ्या लागणार असतील, तर मालकाने दोन दिवसांचं भाडं सोडावं. वरच्या उदाहरणात ते १६०० रुपये होतात, म्हणजे घर दोन दिवस रिकामं राहिल्याइतकेच.

कोणी टोकन दिलं की त्याच दिवशी भाडेकरूला कळवावं आणि उरलेल्या वेळा रद्द कराव्यात. मालक हे नेमकं विसरतात, आणि पुढच्या रविवारी ते जोडपं उगाच घर आवरून अकरा वाजता वाट बघत बसतं. नव्या माणसाला पलंगाचं आणि फ्रिजचं माप घ्यायला एकदा यायचं असतं. ती फेरी जुन्या वेळापत्रकात धरू नये, वेगळी विचारून ठरवावी.