आठ तुकड्यांचं नाटक

हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक कुणीतरी गोप्रोवर चित्रित करतं. कॅमेरा तिसऱ्या रांगेच्या मागे स्टँडवर बसवलेला, बटण दोनदाच दाबलेलं: एकदा पडदा वर जाताना आणि एकदा मध्यंतरानंतर. घरी येऊन कार्ड संगणकात घातलं की मात्र दोन नव्हे, चांगल्या आठ फाइली निघतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. मेमरी कार्डांवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या फॅट-32 या पद्धतीत एका फाइलचा आकार 4 जीबीपर्यंतच जाऊ शकतो. मोठी कार्डं आता वेगळ्या पद्धतीची असतात, तरी अनेक कॅमेरे तेवढ्यावर आले की चालू फाइल बंद करून लगेच पुढची उघडतात. सेकंदाला 30 मेगाबिटच्या आसपास चित्रण असेल, तर एक तुकडा साधारण एकोणीस मिनिटांचा होतो. सव्वा तासाच्या अंकाचे म्हणूनच चार तुकडे.

हे तुकडे जोडायला बहुतेक जण एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतात, तुकडे ओळीनं लावतात आणि एक्स्पोर्ट दाबतात. मग संगणक आख्खं नाटक उलगडतो आणि पुन्हा नव्यानं दाबून बसवतो. एरवी एकही फ्रेम बदलायची नसताना तासन् तास पंखा घरघरत राहतो, आणि हाती येतं ते मूळच्यापेक्षा थोडं हलकंच. अंधारातला प्रवेश, काळा पडदा, निळा प्रकाशझोत अशा ठिकाणी ही घट आधी दिसते. माझ्या मते एका कॅमेऱ्याचे तुकडे जोडायला एडिटर वापरणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

त्यासाठी ffmpeg आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं 2000 साली सुरू केलेला हा मोफत प्रोग्राम. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. कॅमेऱ्यानं दाबून ठेवलेली चित्रं आणि आवाज न उलगडता, आहेत तसे उचलून नव्या फाइलीत एकामागे एक ठेवण्याचं काम तो करू शकतो. नुसत्या फाइली एकमेकींना चिकटवल्या तर चालत नाही, कारण प्रत्येक एमपी-4 फाइलीत कोणतं चित्र कुठे आहे याची एक सूची असते. चिकटवलेल्या गठ्ठ्यात प्लेअर पहिल्या तुकड्याची सूची वाचतो आणि तिथेच थांबतो. ffmpeg सगळ्यांची मिळून एक नवी सूची लिहितो.

आधी फाइलींचा क्रम ठरवायचा, आणि इथेच गोप्रो चकवतो. त्याच्या GH010123.MP4 अशा नावात शेवटचे चार आकडे चित्रणाचा क्रमांक सांगतात आणि GH नंतरचे दोन आकडे तुकड्याचा. पहिल्या अंकाचे तुकडे GH010123, GH020123 असे आणि दुसऱ्या अंकाचे GH010124, GH020124 असे. संगणकाला नावानुसार लावायला सांगितलं, तर पहिल्या अंकाची पहिली एकोणीस मिनिटं झाली की थेट दुसऱ्या अंकाची सुरुवात येते! म्हणून यादी हातानंच लिहावी. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये घेऊन तिथेच नोटपॅडमध्ये yadi.txt बनवायची:

```
file 'GH010123.MP4'
file 'GH020123.MP4'
file 'GH030123.MP4'
file 'GH040123.MP4'
file 'GH010124.MP4'
```

उरलेले तीन तुकडे याच पद्धतीनं खाली. मग त्याच फोल्डरमध्ये हुकूम:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy natak.mp4
```

यातलं concat म्हणजे यादीतल्या फाइली जोडायच्या, आणि safe 0 म्हणजे नावात काही वेगळी चिन्हं किंवा पूर्ण पत्ता असला तरी अडून बसायचं नाही. सगळी गंमत -c copy मध्ये आहे. तेवढे शब्द राहिले, तर ffmpeg कुरकुर न करता सगळं नव्यानं एन्कोड करायला घेतो. ते ओळखायची खूण सोपी आहे. काम चालू असताना खालच्या ओळीत speed हा आकडा दिसतो. नुसती नक्कल होत असेल तर तो शंभर-दोनशेपट असाही दिसतो. दोन-चारपटीवर रेंगाळला, तर हुकूम पुन्हा वाचा. आपल्या नाटकाचे दोन्ही अंक मिळून 32-33 जीबी होतात. साध्या हार्डडिस्कवर एवढं लिहायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. फक्त तेवढीच जागा आणखी रिकामी हवी, कारण मूळ तुकडे जागच्या जागीच राहतात.

एका कॅमेऱ्याच्या एकाच सेटिंगवर हे बिनबोभाट होतं. घोटाळा होतो तो पाहुणा तुकडा मध्ये आला की. दिग्दर्शकाचं मनोगत फोनवर घेतलेलं असतं आणि ते व्हॉट्सॲपवरून आलेलं असतं, म्हणजे वाटेत आकुंचन पावलेलं. ते यादीत टाकलं तरी ffmpeg बहुतेक वेळा जोडून देतो, फार तर दोन-चार पिवळ्या सूचना दाखवतो. पण तो डबा बार्शी लाइटच्या नॅरोगेजचा आणि गाडी ब्रॉडगेजची. जोडापुढे चित्राच्या चौकटी विस्कटतात, किंवा गोठलेल्या चित्रावर आवाज पुढे जातो. आवाजाचे नमुने एकीकडे सेकंदाला 48,000 आणि दुसरीकडे 44,100 असले, तर माणसं बारीक आवाजात घाईघाईनं बोलतात किंवा आवाज तुटतो. फोन उभा धरलेला असेल तर माणूस आडवा पडतो, कारण चित्र फिरवून दाखवण्याची सूचना फाइलीत वेगळी लिहिलेली असते आणि जोडताना पहिल्या फाइलीची तीच सगळ्यांना लागू होते.

म्हणून शंका असेल तिथे जोडण्याआधी प्रत्येक फाइलीची कुंडली बघावी. ffmpeg सोबतच ffprobe येतो:

```
ffprobe -hide_banner GH010123.MP4
```

येणाऱ्या मजकुरातल्या Video आणि Audio या दोन ओळी पुरे. कोडेक, रुंदी-उंची, सेकंदाच्या फ्रेम, आवाजाचे हर्ट्झ आणि स्टिरिओ की मोनो हे सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे. व्हिडिओच्या ओळीत शेवटी tbn लिहिलेला एक आकडाही असतो. तो वेळ मोजण्याचा एकक आहे. तो वेगळा असला तर बाकी सगळं जुळूनही पुढचा तुकडा धावतो किंवा रांगतो. न जुळणारा पाहुणा एकटा बदलून घेता येतो, पण दुसऱ्या एन्कोडरचा तुकडा सगळे आकडे जुळूनही जोडावर अडखळू शकतो. मनोगत वेगळ्या फाइलीत ठेवणं हाच माझा सल्ला.

फाइल तयार झाल्यावर प्लेअरमध्ये सलग अडीच तास बसायची गरज नाही. एकूण वेळ तुकड्यांच्या बेरजेइतकी आहे का हे आधी बघा, आणि मग प्रत्येक जोडाच्या आधीपासून पंधरा सेकंद ऐका. दोन तुकड्यांच्या सीमेवर आवाजात अगदी बारीक टचकन् आवाज येऊ शकतो. आवाज सेकंदाच्या सुमारे एकपन्नासांश भागाच्या पुडक्यांत बांधलेला असतो, आणि न उलगडता जोडताना ती पुडकी मधोमध कापता येत नाहीत. संवादात तो लक्षात येत नाही, तानेच्या मध्ये आला तर येतो. आत कुठे फाइल खराब आहे का, ते यावरून कळतं:

```
ffmpeg -v error -i natak.mp4 -f null -
```

हा हुकूम सगळी फाइल आतल्या आत वाचतो आणि काही छापलं नाही तर ती धड आहे असं समजावं. शेवटची अडचण पेनड्राइव्हची. जुना, फॅट-32 पद्धतीचा पेनड्राइव्ह 32 जीबीची ही फाइल घेणारच नाही, मग तो 64 जीबीचा का असेना. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करून घ्या, आणि जोडलेली फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरून वाजल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.