गोष्टीला फुटलेले फाटे

हिसाओ नाकाई नव्या शाळेत आला त्याला जेमतेम आठवडा झालेला असतो. शाळेचा उत्सव चालू असतो, जो तो आपापल्या सोबत्यांबरोबर रमलेला असतो आणि हिसाओ मात्र वसतिगृहातल्या केन्जी नावाच्या विक्षिप्त शेजाऱ्याबरोबर गच्चीवर व्हिस्की पीत बसतो. तिथे त्याचा तोल जातो, तो खाली पडतो आणि गोष्ट संपते. वाचकाने तोवर चारेक तास घातलेले असतात. हिसाओच्या हातून कुठलाही गुन्हा घडलेला नसतो. आठवडाभरात भेटलेल्या पाच मुलींपैकी एकीलाही त्याने, म्हणजे त्याच्या वतीने वाचकाने, पुरेसा वेळ दिलेला नसतो, एवढंच.

'काटावा शोजो' ही व्हिज्युअल नॉव्हेल 4 जानेवारी 2012 रोजी पूर्ण रूपात बाहेर आली. 'फोर लीफ स्टुडिओज' या नावाखाली निरनिराळ्या देशांतल्या हौशी मंडळींनी ती बनवली आणि फुकट देऊन टाकली. गोष्ट जपानमध्ये घडते, पण मूळ लेखन इंग्रजीत झालं. हा प्रकार कधीच न हाताळलेल्या वाचकाला तो समजून घ्यायला यासारखी दुसरी चांगली जागा सापडणं अवघड.

व्हिज्युअल नॉव्हेलचा साचा तसा साधा आहे. पडद्यावर पार्श्वभूमीचं चित्र, त्यावर बोलणाऱ्या पात्राची आकृती आणि खालच्या चौकटीत दोन-तीन ओळींचा मजकूर. क्लिक केलं की पुढची वाक्यं येतात. मधूनच गोष्ट थांबते आणि दोन-तीन पर्याय पुढे ठेवते. जपानमध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 1992 साली 'ओतोगिरिसो' आणि 1994 साली 'कामाइताची नो योरु' काढून ही वाट रुळवली. त्या दोन्ही भयकथा आणि रहस्यकथा होत्या. माणसांच्या स्वभावावर, त्यांच्या आपसातल्या नात्यांवर चालणाऱ्या गोष्टींचा पूर आला तो त्यानंतरच्या दशकात.

अशा गोष्टी आवडणारा वाचक नवं काही निवडताना पहिल्यांदा विचारतो, 'किती तासांची आहे?' प्रश्न रास्त असला तरी तो एकट्याने फारसा कामाचा नाही. व्हीएनडीबी हा या कथांचा कोश त्यांची लांबीनुसार वर्गवारी करतो. दोन तासांच्या आतली ती अगदी छोटी आणि पन्नास तासांच्या वरची ती अतिदीर्घ. पण हे तास एका सरळ रेषेत वाचायचे, की पाच फाट्यांत विभागलेले, यावर वाचनाचा सगळा अनुभव बदलतो.

'काटावा शोजो'चंच बघू. हिसाओला हृदयाच्या ठोक्यांचा आजार निघतो आणि त्याची रवानगी अपंग विद्यार्थ्यांच्या यामाकू शाळेत होते. पहिला अंक सगळ्यांना सारखाच. त्यात जे थोडे पर्याय येतात, ते दिसायला किरकोळ असतात. सकाळी मैदानावर धावायला जायचं का? शिझुनेबरोबर पटावरचा युद्धाचा खेळ खेळताना चढाई करायची की बचाव? या उत्तरांच्या बेरजेवरून ठरतं की पुढचे अंक कोणाचे. गुडघ्याखाली दोन्ही पाय नसलेली धावपटू एमी, भाजल्याच्या खुणा केसांआड लपवणारी हानाको, अंध लिली, हात नसल्यामुळे पायाने चित्रं काढणारी रिन, किंवा ऐकू-बोलू न शकणारी, तरी सगळ्या वर्गावर हुकमत गाजवणारी शिझुने. यांपैकी कोणाकडेच माप झुकलं नाही, तर गच्ची ठरलेली.

एकदा एखादीचा रूट लागला की बाकीच्या चौघी मागे सरकतात. इथून पुढे निवडी कमी आणि वाचन जास्त. शिझुनेच्या रूटमध्ये तर एकच निवड आहे. ती करावी लागते तिची खाणाखुणांची भाषा मोठ्याने बोलून दाखवणाऱ्या मिशाच्या बाबतीत. हानाकोच्या रूटमध्ये मात्र निवडींतूनच तिचा स्वभाव उलगडतो. हानाको स्वतःला खोलीत कोंडून घेते, तेव्हा भल्या मनाचा वाचक साहजिकच तिला जपायला धावतो. अशा जपण्याचा अतिरेक झाला की ती उसळते आणि नातं तुटतं. तिला मोकळीक देणाऱ्यालाच चांगला शेवट मिळतो. साध्या कादंबरीत लेखकाने हिसाओची ही चूक दाखवली असती, इथे ती वाचकाकडून करवून घेतली जाते. गोष्टीला फाटे फोडण्याचं समर्थन करायचं तर या एका प्रसंगावर करता येईल.

पाचही रूट वाचायचे तर साधारण तीस तास लागतात. पण पहिला अंक आणि एक रूट एवढ्यावर एक पुरी गोष्ट हाती येते, आणि ती एखाद्या लांबलेल्या सुट्टीत सहज संपते. प्रत्येक रूट वेगळ्या लेखकाने लिहिलेला आहे, त्यामुळे गतीही वेगळी. रिनचा रूट चिंतनात हरवत जातो, एमीचा तिच्यासारखाच पळतो. एकीची गोष्ट आवडली म्हणून दुसरीची आवडेलच असं नाही, आणि पाचही पुऱ्या केल्याच पाहिजेत असा हट्ट धरणारा वाचक तिसऱ्या रूटपर्यंत थकतो. यात प्रौढांसाठीचे प्रसंगही आहेत. ते वगळण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे.

आता वेगाचं गणित. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण 240 शब्द वाचतो. मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाचा इंग्रजीतला वेग 150 धरला, तर तीन लाख शब्दांची गोष्ट पहिल्याला सुमारे 21 तासांत संपेल आणि दुसऱ्याला 33 तास लागतील. म्हणजे कुणीतरी सांगितलेले 'वीस तास' आपले होतीलच असं नाही. पात्रांचे संवाद आवाजात ऐकवले जात असतील तर हिशेब आणखी बदलतो. बोलण्याचा वेग वाचण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे झरझर वाचणारा माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाजासाठी ताटकळतो, नाहीतर आवाज मध्येच तोडून पुढे जातो. सावकाश वाचणाऱ्याला मात्र तोच आवाज वाक्याचा सूर पकडायला मदत करतो. 'काटावा शोजो'त आवाज नाहीत, त्यामुळे तिथे सगळा कारभार वाचकाच्या डोळ्यांवर.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. अक्षरं एकेक करून उमटत असतील, तर मजकुराचा वेग सेटिंगमध्ये पूर्ण वाढवावा. पुढचं वाक्य आपोआप आणणारा 'ऑटो' चालू असेल आणि मागचं पुन्हा पाहायला वारंवार 'हिस्टरी' उघडावी लागत असेल, तर 'ऑटो' बंद करून आपल्या हाताने क्लिक करणं बरं. 'स्किप'ची सोय दुसऱ्या फेरीसाठी असते. ती आधी वाचलेल्या मजकुरावरून पळते आणि नवं वाक्य आलं की थांबते. सेटिंगमध्ये न वाचलेलं वगळण्याची परवानगी चुकून दिलेली असली, तर ती नव्या रूटमधला एखादा हळवा प्रसंगही गिळून टाकते आणि वाचकाला पत्ता लागत नाही. निवडीचा पडदा आला की तिथे वेगळ्या खणात सेव्ह करून ठेवण्याची सवय लावली, तर पुढचे तास वाचतात.

ज्याला निवडीची कटकटच नको, त्याने 2005 सालची 'नार्सिसू' उघडावी. वीस वर्षांचा एक मरणासन्न तरुण रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर येतो. तिथे त्याला सेत्सुमी भेटते, आणि दोघं त्याच्या वडिलांच्या गाडीतून आवाजी बेटावरची नर्गिसची फुलं बघायला निघतात. निवड एकही नाही, चित्रं म्हणजे पडद्यावरची एक अरुंद पट्टी, आणि दोन-तीन तासांत सारं संपतं. आवाजासह किंवा आवाजाविना वाचायची मुभा सुरुवातीलाच आहे. तीही फुकट मिळते. वाक्यं तोकडी आहेत, म्हणून इंग्रजी जपून वाचणाऱ्यालाही ती पेलते. हलकंफुलकं काही हवं असेल तर 2017 सालची 'बटरफ्लाय सूप' आहे. तिची नायिका दिया ही कॅलिफोर्नियात वाढणारी भारतीय वंशाची मुलगी. शाळेच्या बेसबॉल संघातल्या चार मैत्रिणींची ही गोष्ट काही तासांची आहे. तिच्यात निवडी येतात, पण त्या कथेची दिशा बदलत नाहीत. गंमत सगळी त्यांच्या गप्पांत.

'स्टाइन्स गेट'चं गणित मात्र उलटं आहे. 2009 सालच्या या गोष्टीत पर्यायांची यादी अशी दिसतच नाही. नायक ओकाबेच्या मोबाइलवर मेल येतात, त्यातले काही शब्द निवडून उत्तर द्यायचं किंवा दुर्लक्ष करायचं, एवढंच वाचकाच्या हाती. शेवट सहा आहेत. खरा शेवट मिळवायचा तर माकिसे कुरिसूच्या विशिष्ट मेलना विशिष्ट उत्तरं द्यावी लागतात. ती का, हे गोष्टीत कुठेच सुचवलेलं नाही. सुरुवातीचे बरेच तास रेंगाळतात आणि शास्त्रीय बोलणं दाट आहे, त्यामुळे सावकाश वाचणाऱ्याने एकदा आपल्या बुद्धीने शेवट गाठावा आणि दुसऱ्या खेपेला सरळ मार्गदर्शिका उघडावी. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

'फेट/स्टे नाइट' (2004) फाट्यांचा वापर आणखी वेगळ्या तऱ्हेने करते. तिचे तीन रूट ठरलेल्या क्रमानेच उघडतात. पहिला संपल्याशिवाय दुसरा नाही, दुसरा संपल्याशिवाय तिसरा नाही. पहिल्या दोन्हींत साकुरा ही घरी येऊन स्वयंपाकाला हातभार लावणारी, अबोल मुलगी वाटते. तिसऱ्या रूटमध्ये तिच्या त्या अबोलपणामागचं सगळं बाहेर येतं आणि नायक शिरोच्या आदर्शांचीही परीक्षा होते. म्हणजे इथे एकच रूट वाचून थांबण्याची सोय नाही, तसं केलं तर साकुरा कळतच नाही. मजकूर चौकटीत न येता पूर्ण पडदाभर येतो. वाटेत चाळीस अपमृत्यू आणि वाईट शेवट आहेत, आणि त्या प्रत्येकानंतर एक विनोदी वर्ग भरतो, ज्यात वाचकाचं कुठे चुकलं ते सांगितलं जातं. 2024 साली तिची इंग्रजीसह नवी आवृत्ती संगणकावर आणि निन्टेंडो स्विचवर आली. रोज तासभर सवड काढणाऱ्याला ती दोन-तीन महिने पुरते. ज्याला इतकं जमणार नाही, त्याने एमीबरोबर सकाळी धावायला जाणं उत्तम.