दोन-दोन कार्बनांची कापणी

फ्रान्झ क्नूप या जर्मन संशोधकाने १९०४ साली कुत्र्यांना एक विचित्र पदार्थ खाऊ घातला. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी. त्या साखळीच्या शेपटाला क्नूपने बेंझिनचं कडं जोडलं होतं. हे कडं शरीराला जाळता येत नाही. त्यामुळे बाकीच्या साखळीचं काहीही होवो, शेवटचा तुकडा कड्यासकट लघवीत उतरणार, हे नक्की होतं. झालंही तसंच. साखळीत कार्बन सम संख्येने असले की कड्याला दोन कार्बन चिकटलेले सापडत, विषम असले की एकच. कार्बन एकेक करून तुटत असते, तर सम-विषमाचा हा भेद दिसलाच नसता. म्हणजे साखळी दोन-दोन कार्बनांनी कापली जात होती. ही कापणी आम्लाच्या टोकाजवळच्या ‘बीटा’ कार्बनपाशी होते, म्हणून तिचं नाव बीटा ऑक्सिडेशन.

आपल्या तुपातलं एक मेदाम्ल घेऊ. पामिटिक आम्ल, सोळा कार्बनांचं. पेशीत आल्यावर त्याला आधी ‘कोएन्झाइम ए’ची मूठ बसवली जाते. त्यासाठी ऊर्जेची नाणी, म्हणजे एटीपी, दोन खर्ची पडतात. कापणी होते मायटोकाँड्रियात, पण त्याचं आतलं आवरण या साखळीला आत घेत नाही. तिथे कार्निटीन नावाचा रेणू नावाड्यासारखा तिला पलीकडे नेऊन सोडतो.

या उताराला फाटक आहे. जेवणातून साखर भरपूर आली की पेशी नवी चरबी बनवायला घेते, आणि त्या कामातला कच्चा मालच हे फाटक लावून टाकतो. एकीकडे चरबी बनवायची आणि दुसरीकडे जाळायची, असा उफराटा कारभार पेशी करत नाही. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी चापून खाल्ल्यावर हेच होतं. उपवास पंचांगापुरता, मायटोकाँड्रियाच्या लेखी ते जेवणच.

फाटक उघडं असेल तर आत चार पायऱ्यांचं काम चालतं. साखळीतून हायड्रोजनची एक जोडी काढायची, तिथे पाणी जोडायचं, पुन्हा हायड्रोजनची जोडी काढायची आणि मग दोन कार्बनांचा तुकडा कापायचा. उरलेल्या चौदा कार्बनांवर तेच, मग बारांवर. सात वेळा कापलं की आठ तुकडे होतात. या तुकड्याचं नाव ॲसिटिल-कोए. साखरही जळण्यापूर्वी याच रूपात येते, त्यामुळे पुढची वाट दोघींची एकच.

ती वाट म्हणजे सायट्रिक आम्लाचं चक्र. दोन कार्बनांचा तुकडा ऑक्झॅलोॲसिटेट या चार कार्बनांच्या रेणूला जोडला जातो आणि सहा कार्बनांचं सायट्रिक आम्ल होतं. एका फेरीत दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात आणि ऑक्झॅलोॲसिटेट पुन्हा हाती येतं. वाटेत काढलेले हायड्रोजन श्वासातल्या ऑक्सिजनपर्यंत पोचतात, आणि एका पामिटिक आम्लातून खर्च वजा जाता साधारण १०६ एटीपी मिळतात. ग्लुकोजच्या रेणूतून तीस-बत्तीस. अर्थात ग्लुकोजमध्ये कार्बनही सहाच असतात, हे तुलना करताना विसरू नये.

आता हिशेब पाहा: चक्रात दोन कार्बन आले, दोन गेले, शिल्लक शून्य. म्हणूनच या तुकड्यांपासून शरीराला साखर बनवता येत नाही. पण लांबलेल्या उपाशीपणात मेंदूला तर साखर हवीच. ती यकृत बनवतं, आणि त्यासाठी नेमकं ऑक्झॅलोॲसिटेट उचलतं. जोडीदारच नाही म्हटल्यावर ॲसिटिल-कोए साचू लागतं. यकृत मग त्यातल्या दोन-दोन तुकड्यांची मोट बांधून कीटोन बनवतं आणि रक्तात सोडतं. साखर कमी पडली की मेंदू हे कीटोन जाळून निभावून नेतो. उपाशी माणसाच्या श्वासाला येणारा गोडसर वास यातल्याच ॲसिटोनचा.

काही बाळांमध्ये मधल्या लांबीच्या साखळ्यांवर पहिली पायरी चालवणारं विकर जन्मतःच निकामी असतं. एरवी बाळ ठणठणीत असतं. मग कधीतरी ताप किंवा उलट्या होतात, रात्रभर ते अंगावर पीत नाही, आणि सकाळी उठवल्यावर डोळे उघडत नाही. रक्तातली साखर घसरलेली असते. इतक्या उपाशी बाळाच्या लघवीत कीटोन भरपूर दिसायला हवेत, पण ते नावापुरतेच असतात. डॉक्टरांना संशय येतो तो या न दिसण्यामुळे. उपाय साधा आहे: बाळाला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, आणि आजारात तोंडाने काही जात नसेल तर शिरेतून ग्लुकोज द्यायचं. जिथे नवजात बाळांची चाचणी होते तिथे ही वेळ येण्याआधीच दोष सापडतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात, कार्निटीनला चिकटलेला, आठ कार्बनांवर कापणी थांबलेला तुकडा.